हातोडी कुठे बोट दाखवते

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि ‘जीबीएस’ ही अक्षरे घरोघरी पोचली. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांत मुंग्या, मग जिना चढता येईना, असा क्रम अनेकांनी बातम्यांत वाचला असेल. पाण्याचे नमुने, महागडी इंजेक्शने, व्हेंटिलेटर यांवर पुष्कळ लिहिले गेले. खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरच्या मनात या आजाराची शंका ज्या साध्या तपासणीने पक्की होते, तिच्याबद्दल मात्र फारसे काही वाचायला मिळाले नाही. रबरी हातोडीने गुडघ्याखाली एक टोला मारायचा आणि पायाला झटका बसतो का ते पाहायचे, एवढीच ती तपासणी.

पायात जोर राहिला नाही हे रुग्ण स्वतःच सांगत असतो. बिघाड कुठे आहे, हे त्याला सांगता येत नाही. तो मेंदूत असू शकतो, मज्जारज्जूत असू शकतो, तिथून निघणाऱ्या नसांत असू शकतो किंवा थेट स्नायूत. हातोडी आजाराचे नाव सांगत नाही. ती जागा सांगते. आणि मेंदू-नसांच्या आजारात जागा एकदा कळली, की नावाच्या शक्यता भराभर गळून पडतात.

मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याची वाटी पोटात घेऊन खाली नडगीच्या हाडाला जोडला जातो. वाटीच्या लगेच खाली बोटाला लागतो तो ताणलेला पट्टा म्हणजे या स्नायूची कंडरा. तिच्यावर टोला पडला की ती किंचित दबते आणि वरचा स्नायू अचानक थोडासा ताणला जातो. स्नायूच्या आत ताण ओळखणारी बारीक इंद्रिये असतात. ती लगेच खबर पाठवतात. ही खबर नसेतून कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीच्या मज्जारज्जूत शिरते, तिथे एकाच सांध्यावर दुसऱ्या पेशीच्या हाती जाते, आणि ती पेशी त्याच स्नायूला आकसण्याचा हुकूम देते. पाय उडतो. टोल्यापासून स्नायू जागा होईपर्यंत साधारण २० मिलिसेकंद लागतात. मेंदूला विचारायला कुणी जात नाही. त्याला जे कळते ते नंतर.

हे निरीक्षण १८७५ साली दोन जर्मन डॉक्टरांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले: हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल. दोघांचे अर्थ लावणे मात्र वेगळे होते. वेस्टफाल यांना वाटले, टोल्याने स्नायूच थेट चेतवला जातो. एर्ब म्हणाले, नाही, खबर मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येते. एर्ब बरोबर ठरले. पण झटका नाहीसा होण्याचे मोल वेस्टफाल यांनी ओळखले. सिफिलिसने मज्जारज्जूच्या मागच्या भागाची झीज झालेल्या रुग्णांत गुडघ्याचा झटका येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. या रुग्णांच्या पायात ताकद बरीचशी शाबूत असे. अंधारात ते धडपडत, पाऊल कुठे पडते ते त्यांना कळत नसे. पण जोर होता. तरी झटका गेलेला.

यातच या तपासणीचे पहिले सूत्र आहे. स्नायूपासून मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून परत स्नायूपर्यंत असे हे एक बंद वर्तुळ आहे. ते कुठेही तुटले तरी झटका जातो. परतीची वाट तुटली तर झटका जातो आणि सोबत ताकदही जाते. जाण्याची वाट तुटली तर ताकद राहूनही झटका जातो. म्हणून झटका न येण्याचा अर्थ ‘स्नायू कमजोर’ असा होत नाही. अर्थ एवढाच, की बिघाड या वर्तुळातच कुठेतरी आहे, त्याच्या वर नाही. सर्वसाधारण अशक्तपणात किंवा स्नायूच्या पुष्कळ आजारांत ताकद बरीच कमी होऊनही झटका शेवटपर्यंत टिकतो, तो याचमुळे.

जीबीएसमध्ये झटका इतक्या लवकर का जातो, हेही यावरून कळते. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते आणि बहुतेकदा त्यांचे वेष्टन खराब करते. खबर पोचत नाही असे नाही. काही धाग्यांतून ती वेळेवर येते, काहींतून रेंगाळत येते. झटका उमटायचा तर शेकडो धाग्यांमधल्या खबरा मज्जारज्जूवर एकाच क्षणी आदळाव्या लागतात. त्या विखरून आल्या की पेशी पेटतच नाही. त्यामुळे माणूस अजून कसाबसा चालत असतो आणि गुडघ्या-घोट्याचा झटका मात्र गेलेला असतो. सुरुवातीच्या दिवसांत काही रुग्णांत तो टिकलेला आढळतो, हेही खरे. म्हणून झटका आला एवढ्यावर जीबीएस नाही म्हणता येत नाही; तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

आता उलट बाजू. मज्जारज्जूतले हे वर्तुळ स्वतंत्र असले तरी मोकाट नसते. मेंदूकडून खाली येणारे तंतू त्याच्यावर सतत लगाम ठेवून असतात. वाटेत कुठेतरी हे तंतू दुखावले, म्हणजे मेंदूत पक्षाघात झाला, मज्जारज्जूवर गाठीचा किंवा सरकलेल्या गादीचा दाब आला, तर खालची सगळी वर्तुळे शाबूत राहतात पण लगाम सुटतो. झटका जोरात येतो, हलक्या टोल्यानेही येतो, कधी आजूबाजूच्या स्नायूंतही पसरतो. घोट्याशी पाऊल झटकन वर ढकलून धरले तर ते लयीत थडथडत राहते. त्याला क्लोनस म्हणतात. दोन-तीन थडथडी निरोगी माणसातही सापडतात. धरून ठेवलेल्या वेळभर ती चालूच राहिली तर मात्र बिघाड नक्की.

झटका गेला तर बिघाड वर्तुळात, झटका वाढला तर बिघाड वर्तुळाच्या वर. हे दोन अर्थ एकत्र वापरले की जागा किती नेमकी सापडते, ते एका उदाहरणाने पाहू. पण त्याआधी तपासणी कशी करतात ते सांगायला हवे, कारण झटका आला नाही असे म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण नीट मारलेलेच नसतात.

हातोडी टोकाला सैल धरायची आणि तिच्या वजनाने पडू द्यायची. मनगटाने दाबून ठोकायचे नाही. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या खिशात असते ती लहान त्रिकोणी हातोडी अमेरिकेतल्या टेलर यांनी १८८८मध्ये आणलेली. लांब दांड्याची, गोल चकतीची हातोडी लंडनच्या क्वीन स्क्वेअरची. मोठ्या माणसाच्या घोट्यासाठी दुसरी बरी, असे माझे मत आहे. त्रिकोणी हातोडी इतकी हलकी की तिने पुरेसा ताणच बसत नाही. मांडी उघडी करावी लागते. साडी किंवा पायजमा वर न सारता केलेली गुडघ्याची तपासणी अर्धवटच, कारण पाय उडतो की नाही यापेक्षा मांडीचा स्नायू आकसतो की नाही हे पाहायचे असते. पाय जड असेल, गुडघा आखडलेला असेल, तर पाय हलत नाही आणि स्नायू मात्र डोळ्यांदेखत थरारतो.

दंडाच्या पुढच्या स्नायूसाठी डॉक्टर कोपराच्या खळगीत कंडरेवर स्वतःचे बोट ठेवतो आणि त्या बोटावर मारतो; त्या बोटाखाली कंडरा ताणली गेल्याचे आधी कळते, मग डोळ्याला दिसते. मनगटाच्या थोडे वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर टोला मारला की कोपर किंचित वाकते. दंडाच्या मागच्या स्नायूसाठी कोपराच्या टोकाच्या जरा वर. घोट्यासाठी गुडघा बाहेरच्या बाजूला कलता करून पाऊल हलके वर धरतात आणि टाचेमागच्या जाड कंडरेवर मारतात. प्रत्येक टोल्याची पातळी ठरलेली आहे: दंडाचा पुढचा आणि मनगटाचा मानेच्या पाचव्या-सहाव्या पातळीचा, दंडाचा मागचा मुख्यतः सातव्या पातळीचा, गुडघा कमरेच्या तिसऱ्या-चौथ्याचा, घोटा माकडहाडाच्या वरच्या भागातल्या पहिल्या पातळीचा. उजवा-डावा लगोलग तपासतात, कारण झटक्याचा जोर माणसागणिक इतका बदलतो की त्या माणसाचा दुसरा पाय हीच त्याची खरी मोजपट्टी.

झटका आला नाही की लगेच ‘नाही’ लिहायचे नसते. हंगेरीच्या यँड्रासिक यांनी १८८५मध्ये सांगितलेली युक्ती आजही तशीच वापरतात: रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत आकड्यासारखी अडकवून जोरात ओढायला सांगायचे आणि त्याच क्षणी गुडघ्यावर टोला मारायचा. ओढण्याच्या क्षणी खालच्या पेशी जास्त जाग्या असतात. हातांच्या झटक्यांसाठी दात घट्ट आवळायला सांगतात. पाच मिनिटांपूर्वी ‘गेलेला’ झटका असा कितीतरी वेळा परत येतो. त्यानंतरही नाही आला तरच शून्य. बाकी १ ते ४ अशी श्रेणी लिहितात, त्यातली ४ क्लोनससह.

स्नायूंचा ताण, ज्याला डॉक्टर टोन म्हणतात, तो हातोडीच्या आधी तपासतात आणि त्याला हातांशिवाय काही लागत नाही. “काका, हात माझ्याकडे सोडून द्या, तुम्ही काही करू नका,” असे म्हणून डॉक्टर हस्तांदोलनासारखा हात धरतो, बोलण्यात गुंतवतो आणि तळवा एकदम वर वळवतो. लगाम सुटलेल्या हातात तो मध्येच अडकल्यासारखा थांबतो आणि मग सुटतो. हळू वळवला तर ही अडचण जाणवत नाही, जोरात वळवला तरच जाणवते. हा ताण वेगावर अवलंबून असतो, आणि पुस्तकात त्याला मिटणाऱ्या चाकूचे नाव दिले आहे. पायासाठी रुग्ण उताणा आणि सैल पडलेला असताना डॉक्टर गुडघ्याखाली हात घालून तो झटकन वर उचलतो. निरोगी पायाची टाच गादीवरून घसरत येते. ताण वाढलेल्या पायाची टाच गादी सोडून वर उचलली जाते.

पार्किन्सनच्या आजारातही हातपाय ताठ असतात, पण तो ताठरपणा वेगळा. हळू वळवा की जोरात, पहिल्यापासून शेवटपर्यंत तो सारखाच राहतो, मनगटात तर अडखळत-अडखळत सुटतो, आणि हातोडीचे झटके मात्र जवळपास नेहमीसारखे असतात. ताठरपणा आहे पण झटके वाढलेले नाहीत, तळपायाची खूण सरळ आहे, हे जुळले की लक्ष मज्जारज्जूकडून मेंदूच्या आतल्या केंद्रांकडे वळते. या एका फरकाने कित्येक वृद्धांचे मानेचे एमआरआय वाचू शकतात.

आता उदाहरण. समजा ५८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह आणि त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी. सहा-सात महिन्यांपासून चालताना पाय जड वाटतात, गर्दीत वळताना तोल जातो. डॉक्टर विचारतात, “चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली की कळते का?” हा प्रश्न आपल्याकडचा मोठा कामाचा आहे. निसटते आणि कळते, म्हणजे पावलाच्या स्नायूंत जोर कमी. निसटून मागे राहिली तरी कळत नाही, म्हणजे संवेदना गेली. आमचे काका म्हणतात, “कळतं, पण धरून ठेवता येत नाही.” कंबरही दुखते. एमआरआय काढला आहे, कमरेचा. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली दिसते आणि सोबत कुणीतरी ऑपरेशनचा सल्लाही दिलेला आहे.

हातोडी गुडघ्यावर पडते आणि मांडी जोरात आकसते, दोन्ही बाजूंनी. पाय एकदम वर उचलला तर टाच गादी सोडते. इथेच कमरेचे चित्र बाजूला पडते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याच्या खाली चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी फक्त नसांचा जुडगा असतो. तिथे दाब आला तर वर्तुळ तुटेल, झटका कमी होईल किंवा जाईल. तो वाढूच शकत नाही. गुडघ्याचा झटका वाढलेला आहे, याचा अर्थ दाब मज्जारज्जूवर किंवा मेंदूत आहे, आणि कमरेची ती गादी, दुखण्याचे कारण असली तरी, चालण्याच्या बिघाडाचे कारण नाही. या वयात अजिबात त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या सर्रास दिसतात. चित्रात काहीतरी सापडणे आणि दुखण्याचे कारण सापडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करायला बोटे आणि हातोडी लागतात.

घोट्याचा झटका मात्र नाही. बोटे ओढायला लावल्यावर जेमतेम थरथर. गुडघ्याचा वाढलेला, घोट्याचा गेलेला, हे कसे? दोन आजार एकावर एक असू शकतात. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी खराब होतात, आणि घोट्याचे वर्तुळ सर्वांत लांब. वयानुसारही तो झटका मंदावतो. म्हणजे वरून लगाम सुटला आहे, पण खालचे वर्तुळच तुटल्यामुळे ते घोट्यात दिसत नाही. हीच जागा आहे जिथे तपासणारा घाईने ‘मधुमेहाच्या नसा’ म्हणून मोकळा होतो. तळपायाची खूण अशा वेळी हात देते. तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेपासून पुढे, किल्लीच्या बोथट टोकाने सावकाश ओरखडा काढायचा आणि अंगठ्याची पहिली हालचाल पाहायची. निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारे तंतू दुखावले असतील तर तो वर जातो. पॅरिसमध्ये बाबिन्स्की यांनी १८९६ साली ही खूण एका छोट्या टिपणात मांडली. तान्ह्या मुलांत साधारण वर्षभरापर्यंत अंगठा वर जाणे नैसर्गिकच, कारण त्यांचे ते तंतू अजून पिकलेले नसतात. आयुष्यभर अनवाणी शेतात राबलेल्या माणसाचा तळवा इतका जाड असतो की ओरखडा जाणवतच नाही. मग घोट्याच्या हाडाखाली पावलाच्या बाहेरच्या बाजूने ओरखडा काढतात. काकांचा अंगठा दोन्ही बाजूंनी वर जातो.

म्हणजे दाब मज्जारज्जूवर किंवा त्याच्या वर. किती वर? आता हातांकडे. काकांनी हातांची तक्रार केलेलीच नव्हती. विचारल्यावर म्हणतात, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, सही बदलली आहे, बँकेत दोनदा परत केली. दंडाच्या पुढच्या स्नायूवर टोला पडतो: जवळपास काही नाही. दंडाच्या मागच्या स्नायूवर: जोरात. मग मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर टोला. कोपर वाकायला हवे. ते वाकत नाही, आणि त्याऐवजी हाताची बोटे एकदम मिटतात.

मला वाटते, संपूर्ण तपासणीत यापेक्षा बोलकी खूण नाही. बाबिन्स्की यांनी १९१०मध्ये तीही नोंदवली, आणि तिला उलटलेला झटका म्हणतात. घडते ते असे. मनगटाच्या टोल्याचे वर्तुळ मानेच्या पाचव्या-सहाव्या पातळीतून जाते, आणि तिथेच दाब असल्याने ते तुटले आहे. म्हणून कोपर गप्प. पण टोल्याचा हादरा हाडातून बोटे मिटणाऱ्या स्नायूंपर्यंतही पोचतो. त्यांचे वर्तुळ मानेच्या आठव्या पातळीचे, म्हणजे दाबाच्या खाली, म्हणजे लगाम सुटलेले. एरवी त्या हादऱ्याकडे त्यांनी लक्षही दिले नसते. आता ती उसळतात. एकाच टोल्यात दोन्ही सूत्रे एकत्र दिसतात: पाचवी-सहावी पातळी तुटली, आणि त्याच्या खालचे सगळे वाढले. ज्या पातळीवर झटका गेला आहे आणि जिच्या खाली तो वाढला आहे, तीच बिघाडाची पातळी.

वरची हद्दही तपासून घेतात. हनुवटीवर बोट ठेवून त्यावर हलका टोला मारला की जबडा किंचित मिटतो. त्याचे वर्तुळ मेंदूच्या देठातून जाते. हातपायांचे झटके वाढले असताना जबड्याचाही वाढलेला असेल, तर बिघाड मेंदूत किंवा देठाच्या वरच्या भागात शोधावा लागतो. काकांचा जबडा नेहमीसारखा. म्हणजे मानेपेक्षा वर जाण्याचे कारण नाही.

एक शक्यता मात्र सोडून चालत नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावात मज्जारज्जू आणि नसा दोन्ही एकदम खराब होतात, आणि तिथेही घोट्याचा झटका गेलेला, अंगठा वर गेलेला, असे विचित्र मिश्रण दिसते. काका शाकाहारी असतील, वरून मेटफॉर्मिन, जी हे जीवनसत्त्व कमी करू शकते, तर रक्ततपासणी करायलाच हवी. उपचार सोपा आहे आणि उशीर केला तर नुकसान कायमचे राहते. पण ब-१२ने पायांचे कोडे सुटले तरी हाताचा उलटलेला झटका सुटत नाही. तो अभाव अंगभर पसरतो, मानेत एका रेषेवर येऊन थांबत नाही. म्हणून रक्त तपासायला दिले तरी मानेचा एमआरआय त्यासाठी लांबवायचा नाही.

त्या एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू चेपलेला दिसतो. हातोडीने पाचवी-सहावी पातळी सांगितली आणि दाब चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये निघाला, यात विसंगती नाही. मज्जारज्जू मणक्यांच्या खांबापेक्षा आखूड असल्याने त्याच्या पातळ्या त्याच क्रमांकाच्या मणक्यापेक्षा थोड्या वर असतात. मानेत साधारण एका मणक्याचा फरक, खाली जावे तसा तो वाढत जातो. हा हिशेब विसरला की बरोबर तपासूनही चुकीच्या जागेचे चित्र मागवले जाते. पाय जड म्हणून कमरेचे चित्र काढणे ही त्यातलीच सर्वांत नेहमीची चूक, आणि मानेच्या दाबाचे निदान लांबण्याचे ते एक मोठे कारण आहे.

अशा रुग्णाला ऑपरेशनचा सल्ला दिला जातो तो मुख्यतः आणखी बिघडू नये म्हणून. काहींचे चालणे आणि हात सुधारतात, काहींचे फक्त थांबून राहतात. दाब जितका जुना, तितकी आशा कमी. ऑपरेशननंतर गुडघ्याचा झटका वाढलेलाच राहिला तर घाबरू नये. दुखावलेले तंतू पूर्वीसारखे होत नाहीत, म्हणून झटके वर्षानुवर्षे जोरकस राहू शकतात. त्यानंतर लक्ष ठेवायचे ते बटणांवर, जिन्यावर, लघवीच्या ताब्यावर.

सगळेच वाढलेले झटके आजाराचे नसतात, हेही सांगायला हवे. परीक्षेच्या ताणातल्या तरुण मुलीचे चारही झटके उसळतात; थायरॉईड वाढलेल्या माणसाचेही. उजवे-डावे सारखे, ताण नेहमीचा, अंगठा खाली, ताकद पूर्ण, असे असेल तर तो जोरकसपणा तिच्या शरीराचाच. तसेच काही निरोगी माणसांत यँड्रासिकची युक्ती करूनही झटके सापडत नाहीत. एकट्या झटक्याला अर्थ नसतो. अर्थ असतो तो उजव्या-डाव्यातल्या, वरच्या-खालच्या फरकाला, आणि कालच्या-आजच्या फरकाला.

या सगळ्या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो घातक ठरू शकतो. कोकणात नारळाच्या झाडावरून पडलेला माणूस दवाखान्यात आणला जातो. मज्जारज्जू मानेत चिरडला आहे. वरच्या सूत्राप्रमाणे खालचे झटके वाढायला हवेत. प्रत्यक्षात दोन्ही पाय लुळे, ताण नाही, हातोडीला प्रतिसाद नाही. वरून येणारा संबंध अचानक तुटला की खालची शाबूत वर्तुळेही काही काळ गप्प होतात. झटके परतायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, आणि मग ते वाढत जातात. पडलेल्या माणसात कारण उघड असते. पण झाडावरून न पडताही, मज्जारज्जूला अचानक सूज येऊन किंवा रक्तपुरवठा तुटून हेच घडते, आणि एक-दोन दिवसांत दोन्ही पाय लुळे झालेला, झटके नसलेला रुग्ण हुबेहूब जीबीएससारखा दिसतो. तेव्हा हातोडी बाजूला ठेवून टाचणी हातात घ्यावी लागते. छाती-पोटावर एका ठरावीक रेषेच्या खाली टोचलेले कळत नाही आणि वर स्पष्ट कळते, किंवा पहिल्याच दिवशी लघवी अडली, तर बिघाड नसांत नाही, मज्जारज्जूत आहे. अशा रुग्णाला त्याच दिवशी मज्जारज्जूचा एमआरआय लागतो, कारण दाब असेल तर तो काढायला हाती काही तासच असतात. झटके वाढण्याची वाट पाहायची नसते.